दोन आदर्श वायूंच्या मिश्रणाची एन्ट्रॉपी: हिशेब कसा मांडायचा आणि मिश्रण उत्स्फूर्त आहे हे कसं सिद्ध करायचं

मिश्रणाच्या एन्ट्रॉपीचं सूत्र बहुतेकांना पाठ असतं, तरीही उत्तरं चुकतात. चूक आकडेमोडीत क्वचितच असते. सुरुवातीला दोन्ही वायूंचा दाब किती होता हे न पाहता सूत्रात मोल-अंश घालणं, ‘उष्णता शून्य म्हणून एन्ट्रॉपीतला बदलही शून्य’ असं लिहून टाकणं आणि परिसराचा विचारच न करता ‘ΔS धन आला, म्हणून प्रक्रिया उत्स्फूर्त’ असा निष्कर्ष काढणं, या तीन जागी उत्तर हमखास घसरतं.

खाली एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेलं आहे. टप्पे याच क्रमाने करा, कारण प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्यातल्या नोंदी लागतात.

## टप्पा १: सूत्राआधी दोन अवस्था लिहून काढा

आपलं उदाहरण असं: कडक भिंतींचं एक भांडं आहे आणि मध्ये सरकवून काढता येईल असा पडदा आहे. एका बाजूला ०.८० मोल नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला ०.२० मोल ऑक्सिजन. दोन्हीकडे तापमान २५ अंश सेल्सिअस, म्हणजे २९८.१५ केल्विन, आणि दाब १ बार. हे प्रमाण हवेच्या जवळचं आहे, त्यामुळे शेवटी येणाऱ्या आकड्याला व्यवहारातही अर्थ असेल.

या तापमानाला आणि दाबाला १ मोल आदर्श वायू २४.७९ लिटर जागा घेतो. म्हणून नायट्रोजनचा कप्पा १९.८३ लिटरचा आणि ऑक्सिजनचा ४.९६ लिटरचा. पडदा काढल्यावर दोघांनाही पूर्ण २४.७९ लिटर मोकळे होतात.

आता प्रत्येक वायूसाठी वेगळी ओळ लिहा:

```
वायू    n (mol)   V आधी (L)   V नंतर (L)   p आधी (bar)   p नंतर (bar)
N2      0.80      19.83       24.79        1.00          0.80
O2      0.20       4.96       24.79        1.00          0.20
```

शेवटच्या रकान्यात आंशिक दाब आहे, म्हणजे त्या वायूचा स्वतःचा दाब. एकूण दाब आधीही १ बार होता आणि नंतरही १ बारच आहे. नेमका इथेच गोंधळ होतो. एकूण दाब बदलला नाही, म्हणून काहीच बदललं नाही असं वाटतं. प्रत्यक्षात नायट्रोजनचा स्वतःचा दाब १ वरून ०.८० बारवर उतरला आणि ऑक्सिजनचा १ वरून ०.२० बारवर. एन्ट्रॉपीतला सगळा बदल या दोन घसरणींतून येतो.

तपासणी: दोन्ही आंशिक दाबांची बेरीज शेवटच्या एकूण दाबाइतकी आली पाहिजे. इथे ०.८० + ०.२० = १.००. बेरीज जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

सावधान: दोन्ही बाजूंचं तापमान सुरुवातीला वेगळं असेल तर हे कोष्टक पुरणार नाही. तिथे आधी समान होणाऱ्या तापमानाचा हिशेब वेगळा करावा लागतो. हा लेख स्थिर तापमानापुरताच आहे.

## टप्पा २: प्रत्यक्षात काय घडलं ते नोंदवा

पडदा सरकवला. दोन्ही वायू एकमेकांत पसरले. या घटनेत किती काम झालं आणि किती उष्णता आली-गेली, हे स्पष्ट लिहा.

भिंती कडक आहेत आणि बाहेर काहीही ढकललं गेलेलं नाही, म्हणून काम शून्य. आदर्श वायूच्या रेणूंमध्ये आकर्षण किंवा प्रतिकर्षण नसतं. शेजारी आधी नायट्रोजन होता आणि आता ऑक्सिजन आहे, याने रेणूच्या ऊर्जेला काही फरक पडत नाही. आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा फक्त तापमानावर अवलंबून असते आणि तापमान बदललेलं नाही, म्हणून ΔU शून्य. ΔU शून्य आणि काम शून्य, तर उष्णताही शून्य. एकूण दाब आणि आकारमान तेच असल्यामुळे ΔH सुद्धा शून्य.

इथून एक उपयोगी गोष्ट निघते. भांडं उष्णतारोधक असो किंवा २५ अंशांच्या पाण्यात बुडवलेलं असो, आदर्श वायूंच्या बाबतीत निकाल एकच येतो. उष्णतारोधक भांड्यातही तापमान हलत नाही आणि पाण्यात ठेवलं तरी पाण्याकडून उष्णता घेतली जात नाही.

सावधान: इथे `q = 0` आलं म्हणून `ΔS = q/T = 0` लिहू नका. त्या सूत्रातली उष्णता रिव्हर्सिबल वाटेवरची असते. पडदा काढून होणारं मिश्रण रिव्हर्सिबल नाही. ही उष्णता टप्पा ५ मध्ये, परिसराच्या हिशेबात लागणार आहे. तोपर्यंत ती बाजूला लिहून ठेवा.

## टप्पा ३: त्याच दोन अवस्थांमध्ये रिव्हर्सिबल वाट शोधा

एन्ट्रॉपी अवस्थेवर ठरते, वाटेवर नाही. म्हणून सुरुवात आणि शेवट तेच ठेवून, मध्ये हिशेब करता येईल अशी वाट निवडायची.

बरीच पुस्तकं ही वाट गृहीत धरून थेट सूत्रावर येतात. माझ्या मते समजण्याचा खरा भाग हाच आहे, म्हणून इथे थांबू.

साधा पडदा काढून त्याच्या जागी दोन निवडक पडदे एकमेकांना चिकटवून ठेवा. पहिल्या पडद्यातून फक्त नायट्रोजन आरपार जातो, ऑक्सिजन अडतो. दुसऱ्यातून फक्त ऑक्सिजन जातो, नायट्रोजन अडतो. ऑक्सिजन पहिल्या पडद्याला ढकलत नायट्रोजनच्या कप्प्यात सरकवतो. नायट्रोजन त्याच पडद्यातून मोकळा ये-जा करतो, त्यामुळे या पडद्यावर त्याचा निव्वळ जोर नसतो. तसंच नायट्रोजन दुसऱ्या पडद्याला ऑक्सिजनच्या बाजूला ढकलतो. दोन्ही पडदे अगदी हळू सरकू दिले आणि त्यांच्या सरकण्यातून बाहेर काम काढून घेतलं, की प्रत्येक वायूचं स्वतंत्र समतापी प्रसरण होतं. पडदे दोन्ही टोकांच्या भिंतींपर्यंत पोहोचले की मधल्या जागेत पूर्ण मिश्रण तयार.

या वाटेवर वायू काम करतात. तापमान टिकवायचं तर तेवढीच उष्णता बाहेरून घ्यावी लागते. १ मोलसाठी RT म्हणजे ८.३१४ × २९८.१५ = २४७९ जूल. त्यावरून:

```
N2:  q = 0.80 × 2479 × ln(24.79/19.83) ≈ 442 J
O2:  q = 0.20 × 2479 × ln(24.79/4.96)  ≈ 798 J
एकूण q(rev) ≈ 1240 J
```

तपासणी: दोन्ही आकडे धन आहेत का? दोघांनाही आधीपेक्षा जास्त जागा मिळाली आहे, म्हणून दोन्ही धनच यायला हवेत. एक ऋण आला असेल तर लॉगॅरिथममध्ये आधीचं आणि नंतरचं आकारमान उलट पडलं आहे.

## टप्पा ४: एन्ट्रॉपी काढा आणि मगच मोल-अंशाच्या सूत्राकडे या

रिव्हर्सिबल उष्णतेला तापमानाने भागा.

```
ΔS(N2) = 442.5 / 298.15 = 1.484 J/K
ΔS(O2) = 798.0 / 298.15 = 2.676 J/K
ΔS     = 4.160 J/K
```

ऑक्सिजनचे मोल नायट्रोजनच्या चौथा हिस्सा, तरी एन्ट्रॉपीतला वाटा मोठा. कारण त्याची जागा पाचपट झाली आणि नायट्रोजनची जेमतेम सव्वापट. जो वायू कमी प्रमाणात असतो, त्याचा आंशिक दाब जास्त उतरतो.

आता पाठ असलेलं सूत्र पाहा:

```
ΔS = −n R (x1 ln x1 + x2 ln x2)
   = −1 × 8.314 × (0.8 ln 0.8 + 0.2 ln 0.2)
   = 4.160 J/K
```

उत्तर जुळलं, कारण सुरुवातीला दोन्ही वायूंचा दाब समान होता आणि तोच शेवटचा एकूण दाब होता. अशा वेळी आकारमानांचं गुणोत्तर थेट मोल-अंशाने व्यक्त होतं. ही अट मोडली की हे सूत्रही मोडतं. ज्यावर नेहमी विसंबता येईल असं सूत्र हे आहे:

```
ΔS = Σ n R ln( p आधी / p नंतर )
```

इथे ‘p नंतर’ म्हणजे त्या वायूचा शेवटचा आंशिक दाब. टप्पा १ मधलं कोष्टक पूर्ण असेल तर यात चुकायला जागा फारशी राहत नाही.

तपासणी: समान दाबाच्या दोन वेगळ्या वायूंसाठी, एकूण १ मोलला, उत्तर R ln 2 म्हणजे ५.७६ J/K पेक्षा मोठं येऊच शकत नाही. ही कमाल अर्धं-अर्धं प्रमाण असताना मिळते. आणि कॅल्क्युलेटरवर `ln` ऐवजी `log` दाबलं गेलं तर वरच्या उदाहरणात १.८१ येतं, म्हणजे खऱ्या उत्तराच्या २.३०३ पटीने कमी. ही चूक कमालीच्या मर्यादेत सापडत नाही. म्हणून आधी ०.५ आणि ०.५ घालून पाहा, ५.७६ आलं तर बटण बरोबर आहे.

## टप्पा ५: उत्स्फूर्तता सिद्ध करा, परिसरासकट

`ΔS = +4.160 J/K` एवढ्यावर ‘म्हणून उत्स्फूर्त’ लिहिणं अपुरं आहे. हा फक्त प्रणालीतला बदल झाला. दुसऱ्या नियमाला प्रणाली आणि परिसर यांची बेरीज हवी असते.

आता टप्पा २ मध्ये बाजूला ठेवलेली उष्णता घ्या. ती शून्य आहे. परिसराने काही दिलं नाही, काही घेतलं नाही, म्हणून परिसराच्या एन्ट्रॉपीतला बदलही शून्य. बेरीज +४.१६० J/K, शून्यापेक्षा मोठी. प्रक्रिया उत्स्फूर्त आहे हे इथे सिद्ध झालं.

टप्पा ३ मधली निवडक पडद्यांची वाट शेजारी ठेवून बघा. प्रणालीतला बदल तिथेही +४.१६० J/K आहे, कारण दोन्ही अवस्था त्याच. पण परिसराने १२४० जूल उष्णता दिली, म्हणून त्याची एन्ट्रॉपी ४.१६० J/K ने घटली. बेरीज शून्य. त्या वाटेवर आपण मिश्रणाची ओढ पूर्णपणे कामात वळवून घेतली. पडदा नुसता काढून घेतला तर तेच १२४० जूल काम मिळवण्याची संधी कायमची जाते.

तापमान आणि एकूण दाब स्थिर आहेत, त्यामुळे हीच गोष्ट गिब्ज ऊर्जेतूनही दाखवता येते:

```
ΔG = ΔH − TΔS = 0 − 298.15 × 4.160 ≈ −1240 J
```

मोल-अंश नेहमी १ पेक्षा लहान असतो, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम नेहमी ऋण, म्हणून प्रमाण कोणतंही असो आणि तापमान कोणतंही असो, ΔG ऋणच येतो. तापमान वाढवलं तर ΔS तसाच राहतो आणि ΔG जास्त ऋण होतो. आदर्श वायूंच्या मिश्रणात ऊर्जेचा काहीच हातभार नाही. ओढ पूर्णपणे एन्ट्रॉपीची आहे. वायू ‘एकमेकांना ओढतात म्हणून मिसळतात’ असं उत्तरपत्रिकेत लिहिलं की आदर्श वायूची व्याख्याच मोडली.

मग रेणूंना कोण पसरवतं? कुणीच नाही. ऑक्सिजनचा एखादा रेणू मिश्रणात फिरत असताना आपल्या जुन्या ४.९६ लिटरांत सापडण्याची शक्यता पाचात एक. दहाच रेणू असते तर ते सगळे एकाच वेळी तिथे सापडण्याची शक्यता ९७ लाख ६५ हजार ६२५ मध्ये एक. आपल्याकडे ऑक्सिजनचे रेणू १.२ × १०²³ आहेत. रेणूंच्या गतीचा कोणताही नियम त्यांना परत जायला मनाई करत नाही. पण मिसळलेल्या मांडण्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की वेगळं झालेलं मिश्रण आपल्याला कधी दिसत नाही.

सावधान: ΔG चा निकष तापमान आणि दाब दोन्ही स्थिर असतानाचा आहे. कडक भांड्यात सुरुवातीचे दाब वेगळे असतील तर हेल्महोल्ट्झ ऊर्जा वापरा. इथे ΔU शून्य असल्यामुळे तीही −TΔS इतकीच बदलते.

## टप्पा ६: दाब वेगळे असतील तर

तेच वायू, तेवढेच मोल, तेच २४.७९ लिटरचं भांडं आणि तेच तापमान. पण या वेळी पडदा बरोबर मध्यावर आहे. प्रत्येक कप्पा १२.३९५ लिटरचा. नायट्रोजनचा सुरुवातीचा दाब आता १.६ बार आणि ऑक्सिजनचा ०.४ बार. शेवटची अवस्था मात्र आधीच्या उदाहरणातलीच.

मोल-अंशाचं सूत्र इथेही ४.१६० देईल, आणि ते उत्तर चुकीचं असेल. दाबाचं सूत्र वापरा:

```
N2:  0.80 × 8.314 × ln(1.6/0.8) = 4.610 J/K
O2:  0.20 × 8.314 × ln(0.4/0.2) = 1.153 J/K
ΔS = 5.763 J/K
```

जादा १.६०३ J/K कुठून आले? पडदा काढण्याऐवजी आधी तो नुसता सरकू दिला असता तर दोन्ही दाब १ बारवर स्थिरावले असते. नायट्रोजन पसरला असता आणि ऑक्सिजन दाबला गेला असता:

```
0.80 R ln 1.6 + 0.20 R ln 0.4 = 3.126 − 1.524 ≈ 1.603 J/K
```

म्हणजे ५.७६३ मधले १.६०३ दाब समान होण्याचे आणि ४.१६० मिश्रणाचे. प्रश्नात ‘मिश्रणामुळे झालेला बदल’ विचारला आहे की ‘पडदा काढल्यावरचा एकूण बदल’, हे वाचून मगच कोणता आकडा लिहायचा ते ठरवा.

## टप्पा ७: वायू खरंच वेगळे आहेत ना?

आता दोन्ही कप्प्यांत नायट्रोजनच आहे असं समजा: ०.८० मोल आणि ०.२० मोल, दोन्ही १ बारला. पडदा काढला. आकारमानाचं सूत्र डोळे मिटून लावलं तर ४.१६० येईल. खरं उत्तर शून्य आहे.

पडदा काढण्याआधी कुठेही मोजा, नायट्रोजन १ बारला आहे. नंतर कुठेही मोजा, तरी नायट्रोजन १ बारलाच आहे. ‘डावीकडचा नायट्रोजन’ ही वेगळी ओळखता येणारी वस्तू नाही, त्यामुळे अवस्था बदललेलीच नाही. पडदा परत घातला की सुरुवातीची अवस्था हुबेहूब मिळते, काहीही काम न करता. दाबाच्या सूत्रात ही गोष्ट आपोआप सांभाळली जाते. नायट्रोजनचा शेवटचा दाब १ बार आहे, ln(1/1) शून्य, उत्तर शून्य. मध्यावर पडदा असलेल्या उदाहरणात दोन्हीकडे नायट्रोजन घातला, तर फक्त दाब समान होण्याचे १.६०३ J/K उरतात.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही करून पाहा. टप्पा ३ मधल्यासारखे निवडक पडदे वापरून, २४.७९ लिटर जागेतला नायट्रोजन आणि दुसऱ्या २४.७९ लिटर जागेतला ऑक्सिजन एकाच २४.७९ लिटर जागेत आणला. वायू वेगळे आहेत, मिश्रण पूर्ण झालं आहे, तरी प्रत्येकाचा स्वतःचा दाब आधी होता तेवढाच आहे. ΔS शून्य. ‘मिसळणं’ हे एन्ट्रॉपी वाढण्याचं कारण नाही. प्रत्येक वायूला जास्त जागा मिळणं हे कारण आहे.

## टप्पा ८: उलट दिशेने पडताळा

मिश्रण उत्स्फूर्त असेल तर वेगळं करायला काम लागलंच पाहिजे, आणि ते किमान किती हे आपल्याकडे आलेलंच आहे. २५ अंशांना, १ मोल मिश्रणातून दोन्ही वायू पुन्हा १ बारला शुद्ध करायला निदान १२४० जूल. मिळणाऱ्या ऑक्सिजनवर हिशेब धरला तर ०.२० मोलला १२४०, म्हणजे १ मोल ऑक्सिजनमागे ६.२ किलोजूल.

रुग्णालयांत बसवलेल्या पीएसए ऑक्सिजन प्लांटमध्ये कॉम्प्रेसर हेच काम करतो. दाबलेली हवा झिओलाइटमधून जाते, झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतो आणि सुमारे ९३ टक्के ऑक्सिजन पुढे येतो. प्रत्यक्षातला वीजखर्च सैद्धांतिक किमानाच्या कितीतरी पट असतो, कारण तिथली कोणतीच पायरी रिव्हर्सिबल नसते. पण १२४० जुलांच्या खाली कुठलंही यंत्र हे पूर्ण विलगीकरण करू शकणार नाही. तसा दावा दिसला तर दाब, तापमान किंवा शुद्धता यांपैकी काहीतरी सांगायचं राहिलं आहे असं समजा.

हा सगळा हिशेब नायट्रोजन आणि ऑक्सिजनला साध्या दाबाला उत्तम लागू पडतो. दाब शेकडो बारवर गेला की रेणू एकमेकांची दखल घेतात, ΔH शून्य राहत नाही, आणि टप्पा २ पासून सगळं नव्याने मांडावं लागतं.